कारणे मागाहून जोडता येत नाहीत : जिल्हा वकील संघांच्या ग्रंथालय समित्यांना खुले पत्र

महाराष्ट्र आणि गोव्यातील जिल्हा व तालुका वकील संघांच्या ग्रंथालय समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,



ग्रंथालयात जागा कमी पडू लागली की पहिली नजर डायजेस्टच्या जाडजूड खंडांवर जाते. कायद्यांची पुस्तके रोज लागतात, रिपोर्टरचे खंड अधूनमधून लागतात. डायजेस्ट मात्र वर्षभरात कुणी उघडलेले दिसत नाही. ‘आता सगळे संगणकावर मिळते’ असे कुणीतरी बैठकीत म्हणतो आणि खंड वरच्या खणात जातात, तिथून गोदामात, आणि शेवटी रद्दीत. हा ठराव आपल्या संघाच्या बैठकीत यायचा असेल, तर तो एक बैठक पुढे ढकलावा, एवढीच या पत्राची विनंती आहे. मधल्या काळात डायजेस्ट हाती घेऊन प्रशासकीय कायद्याच्या एका तत्त्वाचा माग कसा काढला जातो, ते पुढे मांडले आहे.

तालुक्याच्या वकिलाकडे नेहमी येणारे प्रकरण घेऊ. समजा, एका रास्त भाव दुकानाचे प्राधिकारपत्र जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याने रद्द केले. आदेशात कारण एकच दिले : दुकान ठरलेल्या वेळी उघडत नाही. दुकानदार पायऱ्या चढत रिट याचिकेपर्यंत पोहोचला. तिथे सरकारतर्फे उत्तरादाखल प्रतिज्ञापत्र आले आणि त्यात नवेच कारण निघाले : धान्यसाठ्यात तफावत होती, म्हणूनही प्राधिकारपत्र रद्द करणे योग्यच होते. आदेशात तफावतीचा एक शब्द नाही. मग हे मागाहून आलेले कारण न्यायालयाने विचारात घ्यावे का?

अनुभवी वकील पटकन सांगतो, घेता येत नाही, मोहिंदर सिंग गिल पाहा. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. सरकारी वकिलाच्या हातात या उत्तराला छेद देणारे निवाडे असतात आणि ते माहीत नसतील तर युक्तिवाद पहिल्या प्रश्नालाच अडखळतो. म्हणून या तत्त्वावरचे सर्वोच्च न्यायालयाचे सगळे महत्त्वाचे निवाडे, बाजूचे आणि विरुद्धचे, एका वहीत उतरवणे हे काम आहे. तिथे शब्दशोध किती पुरतो, हे आधी पाहावे लागते.

संगणकावर ‘कारणे’ आणि ‘प्रतिज्ञापत्र’ या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकले की निकालांचा ढीग येतो, कारण हे दोन शब्द नसलेला निवाडा सापडणेच अवघड. शोध अरुंद करावा म्हणून गिलच्या निवाड्यातले ‘पुरवणी जोडणे’ या अर्थाचे नेमके इंग्रजी क्रियापद टाकले, तर उलटी अडचण होते. या तत्त्वाचा उगम ज्या निवाड्यात आहे, त्याच्या मूळ परिच्छेदात ते क्रियापद नाही. ‘कारणे’ हा शब्दही तिथे नाही. तिथे भाषा आहे ती अधिकाऱ्याने नंतर दिलेल्या ‘स्पष्टीकरणां’ची. न्यायाधीश आपापल्या शब्दांत लिहितात. तत्त्व एकच असते, शब्द पिढीगणिक बदलतात. संगणक शब्द शोधतो. डायजेस्टच्या संपादकाने मात्र निवाडा वाचून ‘यात हे तत्त्व आहे’ असा निर्णय केलेला असतो आणि तो एका शीर्षाखाली नोंदवलेला असतो. त्या निर्णयात चूक होऊ शकते, ते पुढे येईलच. पण तो निर्णय माणसाने निवाडा वाचून केलेला असतो, हे डायजेस्टचे मूळ मोल आहे.

दुसरा मार्ग म्हणजे गिलचा निवाडा पुढे कुठेकुठे उद्धृत झाला, त्याची यादी काढणे. संकेतस्थळांवर ती एका टिचकीत मिळते आणि पुढे ती वापरायचीच आहे. पण सुरुवात तिथून केली तर माणूस गोंधळतो. गिलचा निवाडा निवडणुकीच्या वादात रिट याचिका चालते का, यासाठी उद्धृत होतो, निवडणूक आयोगाच्या अधिकारांसाठी होतो, नैसर्गिक न्यायासाठी होतो आणि आपल्या तत्त्वासाठीही होतो. यादीत हे सगळे प्रवाह एकत्र वाहतात. कुठला निवाडा कशासाठी गिलकडे गेला, हे प्रत्येक उघडल्याशिवाय कळत नाही. डायजेस्ट हे प्रवाह आधीच वेगळे करून देतो.

आता प्रत्यक्ष काम. पहिली पायरी डायजेस्ट न उघडताच करायची असते : तत्त्व एका वाक्यात लिहायचे. ‘वैधानिक अधिकाऱ्याने कारण देऊन काढलेल्या आदेशाची वैधता त्या आदेशातल्या कारणांवरूनच तपासायची, नंतरच्या प्रतिज्ञापत्राने त्यात नवी कारणे घालता येत नाहीत.’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर हवे, कारण याच्या शेजारी याच्यासारखी दिसणारी दोन तत्त्वे राहतात. आदेशात कारणे दिलीच पाहिजेत, हे एक. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा १९९० चा एस. एन. मुखर्जी हा निवाडा आणि २०१० चा क्रांती असोसिएट्स हा निवाडा त्या घरातले. अधिकाऱ्याने वरिष्ठांच्या हुकमावर न चालता स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला पाहिजे, हे दुसरे. शोधताना या दोन्ही घरांतून जावे लागते, पण तिथे मुक्काम करायचा नाही. पहिल्या पानावरचे वाक्य नसेल तर संध्याकाळपर्यंत वही भरते आणि त्यातले निम्मे निवाडे शेजारच्या तत्त्वाचे निघतात.

दुसरी पायरी शीर्षांची. इथे डायजेस्टांच्या दोन घराण्यांतला फरक माहीत असावा लागतो. नागपूरच्या एआयआरच्या परंपरेतल्या डायजेस्टांची मांडणी मुख्यतः कायदा आणि कलम यांवर उभी आहे. प्रशासकीय कायद्याला स्वतःची संहिता नाही, त्यामुळे आपले तत्त्व तिथे संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २२६ खाली, सेवेचा वाद असेल तर ३११ खाली, आणि मूळ वाद ज्या विशेष कायद्याचा असेल त्याच्या कलमाखाली विखुरलेले सापडते. एससीसीच्या घराण्यातल्या डायजेस्टांत ‘प्रशासकीय कायदा’ हे स्वतंत्र शीर्ष आहे आणि त्याखाली उपशीर्षे लागतात. नवख्याने म्हणून विषयवार डायजेस्टने सुरुवात करावी आणि कलमवार डायजेस्टने ताळा घ्यावा. शीर्षाच्या सुरुवातीला उपशीर्षांची रूपरेषा छापलेली असते. बहुतेक जण ती ओलांडून थेट नोंदींवर जातात. ती दहा मिनिटे शांतपणे वाचणे हे या कामातले सर्वांत फायद्याचे वाचन आहे, कारण आपले तत्त्व संपादकाने कोणत्या शब्दांत बसवले आहे ते तिथेच कळते. कारणांचे उपशीर्ष, स्वेच्छाधिकाराच्या वापराचे उपशीर्ष, न्यायिक पुनर्विलोकनाच्या मर्यादांचे उपशीर्ष, आणि रिट याचिकेतली शपथपत्रे व नवे मुद्दे यांचे उपशीर्ष, एवढी चार तरी वहीत उतरवावी लागतात.

मग खंडांचा क्रम. ताज्या वार्षिक डायजेस्टपासून मागे जावे, कारण ताजा निवाडा बहुधा जुन्यांची उजळणी करतो आणि पुढचे काम हलके होते. वार्षिक खंड संपले की अनेक वर्षांचा एकत्रित डायजेस्ट. प्रत्येक खंड कोणत्या तारखेपर्यंतचे निवाडे घेतो ते सुरुवातीच्या पानांवर पाहून वहीत टिपायचे. एक खंड जिथे थांबला आणि दुसरा जिथे सुरू झाला, त्या दोहोंमध्ये काही महिने सुटलेले असू शकतात. ती फट रिपोर्टरच्या खंडांतल्या विषयसूचीने भरावी लागते, आणि शेवटच्या छापील वार्षिक डायजेस्टनंतरचा काळ सुट्या अंकांच्या सूचीने. संपूर्ण शोध वाया जाण्याचे सर्वांत साधे कारण ही फट असते, आणि तारखा टिपल्या नाहीत तर ती आहे हेही कळत नाही.

असे मागे मागे गेले की माग १९५१ च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या अंधेरीत पोहोचतो. पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोर्धनदास भानजी, एआयआर १९५२ एससी १६. अंधेरीला चित्रपटगृह बांधण्याची परवानगी पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये दिली होती. सप्टेंबरात आयुक्तांच्याच कार्यालयातून पत्र गेले, की शासनाच्या निर्देशानुसार ही परवानगी रद्द करण्यात येत आहे. नियमाप्रमाणे रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, शासनाचा नव्हता. प्रकरण न्यायालयात गेल्यावर आयुक्तांच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे असे मांडण्याचा प्रयत्न झाला, की निर्णय खरे तर आयुक्तांचाच होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो स्वीकारला नाही. सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्या आदेशात वापरलेल्या भाषेवरून वस्तुनिष्ठपणे लावायचा; तो काढणाऱ्याच्या मनात काय होते, त्याला काय म्हणायचे होते, याच्या नंतरच्या खुलाशांवरून लावायचा नाही, असे त्यांनी सांगितले.

नीट वाचले तर इथे प्रश्न कारणांचा नव्हता. आदेश नेमका कुणाचा, एवढाच होता. म्हणूनच हा निवाडा डायजेस्टात एकाहून अधिक ठिकाणी लागतो : सार्वजनिक आदेशाचा अर्थ लावण्याखाली, वरिष्ठांच्या हुकमावर स्वेच्छाधिकार सोडून देण्याखाली, आणि अधिकाराबरोबर येणाऱ्या कर्तव्याखाली. पुढे १९९५ मध्ये गुजरातच्या अनिरुद्धसिंहजी जडेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गोर्धनदासचा आधार घेतला, तो या दुसऱ्या मुद्द्यासाठी. आपल्या वहीत जडेजा घेतला तर तो शेजारच्या घरातला पाहुणा ठरेल. पहिल्या पानावरच्या वाक्याशी ताडून तो बाजूला ठेवायचा.

गोर्धनदासच्या बीजातून झाड उभे राहिले १९७७ मध्ये. मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त, एआयआर १९७८ एससी ८५१, निकाल २ डिसेंबर १९७७. त्या वर्षीच्या मार्चमधल्या लोकसभा निवडणुकीत पंजाबातल्या फिरोजपूर मतदारसंघाच्या मतमोजणीच्या वेळी हिंसक जमावाने काही मतपत्रिका नष्ट केल्या आणि निवडणूक आयोगाने संपूर्ण मतदारसंघात फेरमतदानाचा आदेश दिला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे प्रकरण आले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आठव्या परिच्छेदात गोर्धनदासचा उतारा देऊन त्यातून पुढचे पाऊल टाकले : वैधानिक अधिकाऱ्याचा आदेश विशिष्ट कारणांवर काढलेला असेल तर त्याची वैधता त्या कारणांवरूनच ठरेल, प्रतिज्ञापत्राने किंवा अन्य मार्गाने नव्या कारणांची भर घालता येणार नाही. अन्यथा मुळात सदोष असलेला आदेश न्यायालयात पोहोचेपर्यंत नंतरच्या कारणांनी वैध होऊन बसेल, ही त्यांची चिंता होती. रास्त भाव दुकानाच्या प्रकरणात नेमके हेच घडते आहे.

इथे डायजेस्टची मर्यादा समोर येते. गिलचे अपील फेटाळले गेले. संविधानाच्या अनुच्छेद ३२९ मुळे हा वाद निवडणूक याचिकेतच जायला हवा, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे ज्या परिच्छेदासाठी हा निवाडा देशभर उद्धृत होतो, त्या परिच्छेदाने त्या प्रकरणाचा निकाल गिलच्या बाजूने फिरवला नाही. डायजेस्टातल्या चार ओळींच्या नोंदीवरून हे कळण्याची सोय नाही. न्यायमूर्तींनी समोरून विचारले, ‘गिलमध्ये शेवटी झाले काय?’ तर केवळ शीर्षटीप वाचून आलेला वकील गप्प होतो. प्रत्येक नोंदीपुढे वहीत तीन गोष्टी हव्यात : परिच्छेदाचा क्रमांक, पीठावर न्यायमूर्ती किती, आणि तत्त्व लावून निकाल फिरला की नाही. तिन्हींसाठी मूळ निवाडा उघडावा लागतो. शीर्षटीप संपादकाची असते, न्यायालयाची नसते. ती न्यायालयात वाचून दाखवणे चूक आहे, आणि तिच्यावर विसंबून पुढे जाणे त्याहून मोठी चूक.

यानंतरचा टप्पा या मागातला सर्वांत धोक्याचा आहे, म्हणून तिथे थोडे रेंगाळावे लागेल.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारत सरकार विरुद्ध ई. जी. नंबुदिरी हा निवाडा दिला, (१९९१) ३ एससीसी ३८. सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरे आले, त्याने निवेदन केले आणि ते कारण न सांगता फेटाळले गेले. न्यायालयाने म्हटले, की कारणे कळवण्याचे बंधन नियमात नसेल तर केवळ ती आदेशात नाहीत म्हणून आदेश बेकायदा ठरत नाही. आव्हान आले तर प्रशासनाला आपली कारणे न्यायालयापुढे ठेवता येतात. सरकारी वकिलासाठी हा निवाडा हुकमी आहे. तो बहुधा सेवाविषयक कायद्याच्या शीर्षाखाली, प्रतिकूल शेऱ्यांच्या उपशीर्षात बसलेला सापडतो. रास्त भाव दुकानाचे प्रकरण चालवणारा वकील तिकडे कशाला जाईल? म्हणूनच रूपरेषा वाचताना सेवाविषयक शीर्षातही डोकवायचे असते. आणि नंबुदिरी सापडला की घाबरण्याचे कारण नाही. तिथे आदेश कारणांबाबत मुका होता आणि कारणे कळवण्याचे बंधनही नव्हते. आपल्या दुकानदाराच्या आदेशाने कारण दिलेले आहे, आणि दिलेले कारण सोडून सरकार आता दुसरेच सांगते आहे. हा फरक वहीत नंबुदिरीच्या नोंदीखालीच लिहून ठेवायचा. न लिहिल्यास ऐन सुनावणीत तो सुचत नाही.

मग येते २०१०. रेल्वे भरती मंडळ विरुद्ध के. श्याम कुमार, (२०१०) ६ एससीसी ६१४. रेल्वेच्या गट ‘ड’ भरतीच्या लेखी परीक्षेत सामूहिक कॉपी आणि तोतयेगिरीच्या तक्रारी आल्या आणि मंडळाने फेरपरीक्षेचा निर्णय घेतला. तो दक्षता विभागाच्या अहवालावर आधारलेला होता, नंतर सीबीआयकडूनही सामग्री आली. उच्च न्यायालयाने नंतरची सामग्री बाजूला ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले आणि म्हटले, की व्यापक सार्वजनिक हित गुंतलेले असेल तर आधीच घेतलेल्या निर्णयाच्या समर्थनासाठी नंतरच्या सामग्रीवर विसंबता येते. तामिळनाडूतल्या ग्रॅनाइट खाणींच्या पीआरपी एक्सपोर्ट्स प्रकरणात, (२०१४) १३ एससीसी ६९२, सर्वोच्च न्यायालय याच वाटेने गेले.

२०१४ पर्यंतचे डायजेस्ट पाहून थांबलेल्या वकिलाच्या वहीत चित्र असे दिसेल : गिलचा नियम, आणि त्याला व्यापक सार्वजनिक हिताचा भलामोठा अपवाद. रेशनचे धान्य हे सार्वजनिक हित नाही, असे म्हणण्याची कुणाची हिंमत होईल? त्या चित्रावरून दुकानदाराला त्याचा वकील सांगेल, ‘तडजोड करा, प्रकरण कठीण आहे.’ प्रामाणिकपणे सांगेल, आणि चुकीचे सांगेल.

कारण ३० एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ६३ मून्स टेक्नॉलॉजीज विरुद्ध भारत सरकार हा निवाडा दिला, (२०१९) १८ एससीसी ४०१. मुंबईतल्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचा २०१३ मध्ये बोजवारा उडाल्यानंतर केंद्राने कंपनी कायद्याखाली त्या कंपनीचे तिच्या मूळ कंपनीत सक्तीने विलीनीकरण करण्याचा आदेश फेब्रुवारी २०१६ मध्ये काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आदेशात नसलेल्या कारणांनी आदेश वाचवू पाहणाऱ्या युक्तिवादाचा समाचार घेताना न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी श्याम कुमार आणि पीआरपी एक्सपोर्ट्स यांचा खरा आवाका सांगितला. व्यापक सार्वजनिक हित असले की गिल लागूच होत नाही, असा सरसकट नियम त्या निवाड्यांत नाही. आदेश निघाल्यानंतर घडलेल्या तथ्यांची सामग्री तेवढी, व्यापक सार्वजनिक हितासाठी, आदेशाच्या समर्थनार्थ पाहता येते.

या एका खुलाशाने दुकानदाराच्या प्रकरणाचा प्रश्नच बदलतो. आता विचारायचे ते एवढे : साठ्यातली तफावत आढळली ती तपासणी कधीची? आदेशाच्या आधीची असेल तर ते तथ्य अधिकाऱ्याला माहीत होते, तरीही त्याने आदेशात घेतले नाही. ते आता प्रतिज्ञापत्रातून आत आणता येत नाही. तपासणी आदेशानंतरची असेल तर सरकारी वकिलाला निदान युक्तिवादापुरती वाट मोकळी आहे, आणि मग झगडा सार्वजनिक हिताच्या व्याप्तीवर होईल. पंचनाम्यावरची तारीख हा आता खटल्याचा कणा झाला. माग २०१४ ला सोडून दिला असता तर ती तारीख पाहायचे कुणाला सुचलेही नसते.

तसेच पीठांची संख्या. गिल पाच न्यायमूर्तींचा, श्याम कुमार आणि ६३ मून्स त्याहून लहान पीठांचे. लहान पीठ पाचांच्या पीठाचा नियम आखडू शकत नाही, त्याचा अर्थ लावू शकते. वहीत पीठसंख्येचा रकाना ठेवला असेल तर हा युक्तिवाद आपोआप नजरेसमोर येतो.

आता या निवाड्यांचे मूळ वाद एका ओळीत ठेवून पाहावे : चित्रपटगृह, लोकसभा निवडणूक, गोपनीय अहवाल, रेल्वे भरती, ग्रॅनाइट खाणी, कंपन्यांचे विलीनीकरण. रेशन दुकानांवरच्या कायद्यापासून निघालेल्या माणसाला यांतले एकही नाव वाटेत भेटणार नाही. कलमवार शोधात ते एकमेकांपासून कोसभर दूर आहेत. तत्त्वाच्या उपशीर्षाने त्यांना एकत्र आणले, आणि जिथे उपशीर्ष कमी पडले तिथे रूपरेषेने दुसरे दार दाखवले.

‘सगळे’ निवाडे मिळाले हे कसे ओळखायचे? याची एक भरवशाची खूण आहे. डायजेस्टमधून मिळालेला प्रत्येक निवाडा उघडल्यावर त्यात या मुद्द्यावर कोणते जुने निवाडे घेतले आहेत ते वहीशी ताडून पाहायचे. वहीत नसलेले नाव आले की ते नोंदवून तोही निवाडा उघडायचा. काही वेळाने नवे नाव येणे थांबते. येईल ते आधीच वहीत असते. तिथे मागचा रस्ता संपला. पुढच्या रस्त्यासाठी आता संगणकावरची ‘पुढे कुठे उद्धृत’ ही यादी काढायची. आता ती गोंधळात पाडत नाही, कारण काय शोधायचे ते परिच्छेदासह ठाऊक झालेले असते : गिलचा फक्त आठवा परिच्छेद जिथे आला ते निवाडे ठेवायचे, बाकीचे सोडायचे. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट ई-एससीआर या नावाने विनामूल्य खुले आहेत, त्यामुळे मूळ निवाडा तपासायला तालुक्याच्या वकिलालाही पैसे मोजावे लागत नाहीत. छापील डायजेस्ट आणि संगणक यांत भांडण लावण्याचे कारणच नाही. क्रम तेवढा पाळायचा : तत्त्व कुठे कुठे आहे ते डायजेस्टने शोधायचे, निवाडा आज कुठवर टिकून आहे ते संगणकाने तपासायचे.

या खुणेचीही एक सीमा आहे. ती सर्वोच्च न्यायालयापुरती आणि छापून आलेल्या निवाड्यांपुरती खरी आहे. उच्च न्यायालयांचे असंख्य निवाडे कुठल्याही रिपोर्टरमध्ये येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयापुरते बोलायचे तर बॉम्बे लॉ रिपोर्टर आणि महाराष्ट्र लॉ जर्नल यांच्या सूची स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात, कारण राष्ट्रीय डायजेस्टात इथले सगळे येईलच असे नाही. दुकानदाराच्या प्रकरणासाठी हे शेवटचे काम टाळता येत नाही. न्यायालय आधी आपल्याच पीठाचे निवाडे विचारते.

आणखी एका चुकीचा उल्लेख करायला हवा, कारण ती चांगल्या वकिलांकडूनही होते. डायजेस्टची आवृत्ती बदलली की उपशीर्षांचे शब्द बदलतात. नव्या आवृत्तीत एखादे उपशीर्ष फोडून त्याची दोन केली जातात किंवा दोन जोडून एक केले जाते. नव्या खंडात ठरवलेले उपशीर्ष जुन्या खंडात तसेच्या तसे शोधले आणि सापडले नाही, की ‘जुन्या काळात या मुद्द्यावर निवाडाच नाही’ असा समज होतो. ओळखायचे कसे? आपल्याला ठाऊक असलेला त्या काळातला एक निवाडा त्या खंडाच्या नावांच्या सूचीत काढायचा आणि तो कुठल्या उपशीर्षाखाली लावला आहे ते पाहायचे. गोर्धनदास भानजी हे नाव अशा वेळी किल्लीचे काम करते : प्रत्येक जुन्या एकत्रित खंडात ते नाव उघडावे, ते जिथे लागले आहे त्या आसपास आपले तत्त्व त्या काळी कोणत्या नावाने राहत होते ते सापडते. हे काम फक्त खंड हाताशी असतील तरच होते. मधले दोन खंड रद्दीत गेले असतील तर साखळी तिथेच तुटते, आणि तुटली हे शोधणाऱ्याला कळतही नाही.

म्हणून, सन्माननीय सदस्यहो, आपल्या समित्यांपुढे नेमक्या चार मागण्या आहेत. एकत्रित डायजेस्टचा किमान एक पूर्ण संच, विषयवार घराण्यातला, १९५० पासून आजपर्यंत सलग, एकाच कपाटात हाताच्या उंचीवर ठेवावा. कलमवार डायजेस्टचे जे खंड आहेत ते त्याच्या शेजारी लावावेत. ते अपुरे असले तरी काढू नयेत. कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवावा आणि त्यावर प्रत्येक खंड कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचा आहे ते लिहावे, मधल्या फटी लाल शाईने. आणि रिपोर्टरचे सुटे अंक बांधणीला जातात तेव्हा त्यांतली विषयसूचीची पाने बाइंडरकडून कापली जाणार नाहीत, याकडे ग्रंथपालाने स्वतः उभे राहून लक्ष द्यावे.

कळावे,
प्रशासकीय कायद्याच्या प्रकरणांत तालुक्यापासून उच्च न्यायालयापर्यंत ये-जा करणाऱ्या वकिलांच्या वतीने